लेखनिक हवेत : आठवड्याचे दोन तास आणि परीक्षेची एक दुपार

शनिवारी दुपारी चारला आमच्या आतल्या खोलीत सराव सुरू होतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आमच्या संस्थेकडे भाड्याच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत पुस्तकं आणि दोन संगणक, आतल्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर एक मोठं घड्याळ. घड्याळ मुद्दाम मोठं घेतलं आहे. ते पाहण्याचं काम लेखनिकाचं असतं, कारण शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याला ते दिसत नाही.

गेल्या वर्षीच्या एका शनिवारचा प्रसंग सांगते. टेबलाशी लातूरकडचा एक मुलगा बसला होता. जन्मापासून दृष्टी नाही, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय राज्यशास्त्र. त्याच्या शेजारी चाळिशीच्या एक बाई होत्या. बारावी झाल्यावर लग्न झालं, पुढचं शिक्षण राहून गेलं, आता मुलं मोठी झाली आहेत. त्यांचा तो दुसराच सराव. जुनी प्रश्नपत्रिका समोर होती आणि प्रश्न होता पंचायत राज्याचा. मुलगा सांगत होता, बाई लिहीत होत्या. सांगता सांगता तो म्हणाला, ‘‘बळवंतराय मेहता समिती, एकोणीसशे एकोणसाठ.’’ बाईंचं पेन थांबलं. फार तर दोन सेकंद, पण थांबलं. त्यांच्या मुलीने नुकताच तोच धडा पाठ केला होता आणि समितीचं साल १९५७ आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मुलाने लगेच मान वळवली आणि विचारलं, ‘‘चुकलं का?’’

बाई काहीच बोलल्या नव्हत्या. पण पेनाचा आवाज थांबलेला त्याला ऐकू आला होता, आणि तेवढ्यावरून त्याला उत्तर कळलं होतं. मी तिथेच सराव थांबवला. खऱ्या परीक्षेत हेच झालं असतं तर ती नक्कल धरली गेली असती. पर्यवेक्षकाच्या लक्षात आलं नसतं तरीही ती नक्कलच होती. बाईंना मी सांगितलं, एकोणीसशे एकोणसाठ म्हटलं की एकोणीसशे एकोणसाठच लिहायचं, आणि आधीच्या शब्दाला जो वेग होता त्याच वेगाने लिहायचं. उत्तर संपल्यावर त्याने ‘वाचून दाखवा’ म्हटलं तर सपाट आवाजात सगळं वाचायचं. चूक सापडली तर ती त्याची त्याला सापडायला हवी. त्या दिवशी वाचताना ती त्याला सापडली. ‘‘सत्तावन्न करा, एकोणसाठ राजस्थानचं,’’ तो म्हणाला. देशातली पंचायत राज्याची सुरुवात राजस्थानात १९५९ साली झाली, त्या दोन सालांची त्याच्या डोक्यात सरमिसळ झाली होती.

आम्हाला माणसं हवी आहेत ती या कामासाठी. आमची संस्था छोटी आहे. पगारी माणूस एकही नाही. दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणं आणि त्यांची पुस्तकं त्यांना वाचता किंवा ऐकता येतील अशी करून देणं, एवढीच दोन कामं आम्ही करतो. माझी स्वतःची नोकरी शिक्षिकेची होती. निवृत्त झाल्यावर मी इथे आले ती मुलांचे पेपर लिहायला, आणि पहिल्याच दिवशी कळलं की पेपर लिहिण्याची मला परवानगीच नाही. त्याचं कारण आधी सांगते, कारण आम्हाला नेमकी कोणती माणसं हवीत ते त्यावरूनच ठरतं.

ब्रेल येणाऱ्या मुलाने उत्तरपत्रिका ब्रेलमध्येच का लिहू नये, असं अनेकजण विचारतात. अडचण तपासणाऱ्याची असते, त्याला ब्रेल वाचता येत नाही. काही ठिकाणी संगणकावर परीक्षा देता येते, पण आपल्याकडच्या बहुतेक शालेय आणि विद्यापीठीय परीक्षांमध्ये अजून कागदावर पेनानेच उत्तर लिहावं लागतं. म्हणून लेखनिक. लेखनिकाला विषयाची माहिती असेल तर तो उत्तरात भर घालेल, ही भीती परीक्षा घेणाऱ्यांना असते आणि ती अगदीच अनाठायी नाही. केंद्र सरकारने २०१८ च्या ऑगस्टमध्ये लेखी परीक्षांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत म्हटलं होतं की उमेदवार स्वतः लेखनिक आणणार असेल तर त्या लेखनिकाचं शिक्षण उमेदवाराच्या शिक्षणापेक्षा एक पायरी खाली असावं. आपल्याकडे दहावीच्या विद्यार्थ्याला म्हणूनच नववीचा लेखनिक शोधावा लागतो. बी.ए.च्या विद्यार्थ्यासाठी बारावीपर्यंत शिकलेली व्यक्ती सहसा चालते, पदवीधर चालत नाही. परीक्षेगणिक तपशील बदलतो, त्यामुळे त्या त्या परीक्षेची सूचना वाचल्याशिवाय आम्ही कुणालाच पाठवत नाही. पण साधारण रीत ही.

आता गंमत पाहा म्हणावं तर गंमत नाही, मुलांच्या जिवावर बेततं ते. आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून सगळ्यांत आधी येतात ते निवृत्त लोक. बँकेतून, शाळेतून, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे वेळ असतो, अक्षर सुरेख असतं, आणि पदवी असते. पदवी आहे म्हणून ते बी.ए.चा पेपर लिहू शकत नाहीत. ज्यांचं शिक्षण नियमात बसतं ती अकरावी-बारावीची मुलं, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्याच परीक्षा असतात. आणि नोकरी करणारे तरुण म्हणतात रविवारी येतो, तर पेपर असतो मंगळवारी सकाळी अकराला.

या तिन्ही गटांच्या मधे एक गट आहे, आणि त्याला या कामासाठी कुणी विचारतच नाही. बारावी होऊन शिक्षण थांबलेल्या बाया. दुकान सांभाळणारे, रिक्षा चालवणारे, शिवणकाम करणारे, ज्यांना दुपारचे चार-पाच तास आपले आपण मोकळे करता येतात असे बारावी झालेले लोक. आम्ही गृहनिर्माण संस्थांमध्ये माहिती द्यायला जातो तेव्हा या बाया मागच्या खुर्च्यांवर बसतात आणि शेवटी जवळ येऊन म्हणतात, ‘‘बाई, आमचं शिक्षण काही फार नाही हो.’’ या एका कामात तेवढंच शिक्षण असणं ही पात्रता आहे. त्या बाईंनी त्या वर्षी लातूरच्या मुलाचे सगळे पेपर लिहिले.

दहावीसाठी मात्र नववीची मुलंच लागतात, आणि ती शाळांमधून मिळवावी लागतात. तुम्ही शिक्षक असाल तर शाळेतली चांगल्या अक्षराची, शांत स्वभावाची आठवी-नववीची दोन-तीन मुलं, त्यांच्या आईवडिलांना विचारून, आमच्याकडे पाठवा. मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात. सांगितलं तेवढंच लिहिणं त्यांना जड जात नाही.

लेखनिकाची एक दुपार कशी जाते ते सांगते, म्हणजे वेळेचा हिशेब कळेल. पेपर तीन तासांचा असेल तर लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला जादा वेळ मिळतो, तासाला किमान वीस मिनिटं. म्हणजे तीन तासांचे चार तास. अकराला सुरू झालेला पेपर तीनला संपतो. केंद्रावर आम्ही दहाला पोहोचायला सांगतो, कारण कागद दाखवायचे असतात. घरून जाण्यायेण्याचा वेळ धरला तर साडेनऊ ते चार हा दिवस गेला असं समजा. एका विद्यार्थ्याचे एका सत्रात चार ते सहा पेपर असतात. ते सगळे एकाच लेखनिकाने लिहावेत असा नियम नाही. एका पेपराला एक, दुसऱ्याला दुसरा, असं चालतं, आणि भाषेच्या पेपराला तर ती भाषा नीट लिहिणारा वेगळा माणूस घ्यावाच लागतो. म्हणून आम्ही एका स्वयंसेवकाकडून एका हंगामात दोनच पेपर मागतो. हंगाम वर्षात दोन, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे.

कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आमचे सगळ्यांत वाईट दिवस कागदांमुळे आलेले आहेत. लेखनिकाने स्वतःचं छायाचित्र असलेलं ओळखपत्र आणि शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका न्यायची, दोन्हींच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स. विद्यार्थ्याकडे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि लेखनिकाच्या नावाचं परवानगीपत्र हवं. शिवाय लेखनिकाचं शिक्षण काय आहे ते लिहून दिलेलं हमीपत्र असतं, त्यावर सही करायची. ते खोटं निघालं तर विद्यार्थ्याची परीक्षा रद्द होते. म्हणून शिक्षण लपवून ‘चालवून घेऊ’ म्हणणाऱ्या माणसाला आम्ही हात जोडतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण किंमत मोजायची असते ती दुसऱ्याला. एका वर्षी एका केंद्रावर परवानगीपत्रावर एका लेखनिकाचं नाव आणि प्रत्यक्ष आलेली दुसरीच व्यक्ती, असं झालं. पहिली मुलगी आदल्या रात्री तापाने फणफणली होती आणि आम्ही सकाळी धावपळ करून दुसरी पाठवली. नाव बदलून घेण्यात पाऊण तास गेला. केंद्रावरचे लोक नियमाने वागत होते, चूक आमची होती. तेव्हापासून परवानगीच्या अर्जातच दोन नावं द्यायचा आम्ही आग्रह धरतो, एक मुख्य आणि एक राखीव. राखीव लेखनिकाने त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत फोनजवळ राहायचं. हेसुद्धा एक काम आहे, आणि ते घरबसल्या होतं.

पेपर हातात आल्यावर लेखनिकाचं पहिलं काम लिहिण्याचं नसून वाचण्याचं असतं. संपूर्ण प्रश्नपत्रिका एकदा सावकाश वाचायची, सूचना आणि गुणांसकट. ‘खालीलपैकी कोणतेही दोन’ हे शब्द गाळले तर विद्यार्थी चारही प्रश्न सांगत बसेल. मग तो ठरवतो कुठून सुरुवात करायची. उत्तर सांगताना तो स्वल्पविराम, नवा परिच्छेद, अधोरेखित हे सगळं सांगतो, आणि सांगत नसेल तर ‘परिच्छेद करू का?’ असं विचारायची सवय सरावातच ठरवून घ्यायची. दर अर्ध्या तासाने वेळ सांगायची. न विचारता सांगायची ही एकच गोष्ट. नकाशा किंवा आकृती असेल तर तिच्यात काय दिसतं तेवढं सांगायचं, अर्थ लावायचा नाही. ‘एक रेषा डावीकडून उजवीकडे चढत जाते’ एवढं बरोबर. ‘किंमत वाढल्यावर पुरवठा वाढतो असं दाखवलंय’ म्हटलं की प्रश्नाचं उत्तरच देऊन टाकलं.

अक्षर मोत्यासारखं नसलं तरी चालतं, वाचता येणारं हवं आणि तीन तासांनंतरही तसंच राहायला हवं. पहिल्या पानावर टपोरं आणि सातव्या पानावर गिचमिड, असं झालं की परीक्षक कंटाळतो आणि गुण विद्यार्थ्याचे जातात. शुद्धलेखनाचा प्रश्न सरावात निघतोच. ज्या मुलांनी ब्रेल शिकलेलं आहे त्यांना ऱ्हस्व-दीर्घ पक्कं असतं, कारण भारती ब्रेलमध्ये दोन्ही वेलांट्यांना आणि दोन्ही उकारांना वेगवेगळे ठिपके आहेत. बोटांनी वाचताना तो फरक हाताला लागतो. जी मुलं नुसती ऐकून शिकली आहेत त्यांना तो माहीत असेलच असं नाही. विशेषनामांची आणि इंग्रजी शब्दांची स्पेलिंग विद्यार्थ्याने सांगायची, ही आमच्याकडची रीत.

लेखनिक फक्त दृष्टिहीनांनाच लागतो असंही नाही. दोन्ही हातांना इजा असलेले, सेरेब्रल पाल्सी असलेले विद्यार्थीही येतात. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराने केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी लेखनिक मागितला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून अशा विद्यार्थ्यांचे फोन आम्हालाही येऊ लागले आहेत.

आता पदवीधरांकडे वळते, कारण तुमच्यातले बरेच वाचक पदवीधर असणार. तुमच्यासाठी बाहेरच्या खोलीतलं काम आहे. ते वर्षभर चालतं आणि त्याला आठवड्याला दोन तास लागतात.

त्यातलं एक काम पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करण्याचं. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांची संदर्भपुस्तकं छापील असतात, आणि ती कुणी वाचून दाखवल्याशिवाय या मुलांपर्यंत पोहोचत नाहीत. एका पानाला साधारण तीनशे शब्द धरले, आणि न धावता वाचलं, तर पानाला अडीच मिनिटं लागतात. दोनशे पानांच्या पुस्तकाला आठ तासांहून थोडं अधिक. चुका होतात, पुन्हा वाचावं लागतं, रस्त्यावरून मिरवणूक जाते. ते सगळं धरलं तर बारा-तेरा तास. म्हणजे आठवड्याला दोन तास दिले की एक पुस्तक दीड महिन्यात होतं. परीक्षेच्या तोंडावर सुरू केलेलं पुस्तक कुणाच्याच उपयोगी पडत नाही. जूनमध्ये सुरू केलं तर पडतं.

मुद्रण मोबाइलवरच करायचं. पंखा बंद, खिडकी बंद, टेबलावर चादर घडी करून त्यावर मोबाइल ठेवायचा म्हणजे आवाज घुमत नाही. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखक, आवृत्तीचं वर्ष, प्रकरण सांगायचं, आणि पान बदललं की पानाचा क्रमांक. पानाचा क्रमांक सांगणं नव्या वाचकांना फार खटकतं. रसभंग होतो म्हणतात. पण वर्गात सर ‘पान एकशे बारा उघडा’ म्हणतात तेव्हा या मुलाला त्या क्रमांकाशिवाय दुसरा आधार नसतो. तक्ता आला की आधी सांगायचं, किती स्तंभ, किती ओळी, प्रत्येकाचं शीर्षक काय, मग ओळीने वाचायचं. आवाजात नाटक नको. कथा-कादंबरी वाचताना थोडं चालतं, अर्थशास्त्र वाचताना मुळीच नको. ऐकणारी मुलं वेग वाढवून ऐकतात, कधी दुप्पट, आणि आवाज चढउताराचा असला की दुप्पट वेगात शब्द कळेनासे होतात.

लेखकाची परवानगी लागते का, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो आणि विचारायलाच हवा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या दिव्यांग व्यक्तींसाठी, नफा न घेता, पुस्तक त्यांना वापरता येईल अशा रूपात आणणं त्या दुरुस्तीने मोकळं केलं. पुढे २०१३ साली मराकेश इथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला मान्यता देणारा भारत हा पहिला देश. पण ही मोकळीक त्या विद्यार्थ्यांपुरतीच आहे. तुम्ही वाचलेलं प्रकरण घरच्यांना ऐकवायला म्हणून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलंत तर ती मोकळीक तुम्हाला लागू होत नाही. नोंदणीच्या वेळी आम्ही याची लेखी कबुली घेतो.

दुसरं काम तपासणीचं. आज बहुतेक मुलांकडे संगणक किंवा मोबाइल असतो, आणि त्यावर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली असते. एनव्हीडीए नावाची अशी एक प्रणाली मोफत मिळते आणि ती मराठीही वाचते. पण तिला अक्षरं लागतात, चित्र वाचता येत नाही. प्राध्यापकांनी नोट्सचे फोटो काढून पाठवले की ती फक्त ‘ग्राफिक’ म्हणते आणि गप्प बसते. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मराठी फाइल्सची गत आणखी वाईट. त्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी आत इंग्रजी अक्षर साठवलेलं असतं, त्यामुळे प्रणाली निरर्थक इंग्रजी अक्षरं बोलत सुटते. म्हणून पानं स्कॅन करून, त्यांतली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन, युनिकोडमध्ये आणावी लागतात. त्यात संगणक ठरावीक चुका करतो. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘ब’चा ‘व’, रफार उडतो, अनुस्वार गळतो. शेजारी मूळ पान ठेवून ओळ न् ओळ जुळवणारा माणूस हवा. एका बैठकीत दोन तासांत पंधरा ते वीस पानं होतात. घरून करता येतं. आमचे सगळ्यांत जुने तपासनीस पंच्याहत्तरीचे आहेत, त्यांना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही. दर शुक्रवारी त्यांचा नातू पेनड्राइव्ह आणून देतो.

आणखी एक काम आहे, आणि त्यासाठी मात्र एकच माणूस हवा. परीक्षेच्या हंगामात रोज संध्याकाळी सात ते आठ फोनवर बसणारा. उद्या कुणाचा पेपर, कुठे, कोण लिहिणार, राखीव कोण, सगळ्यांना फोन करून खात्री करायची. लेखनिक ऐन वेळी न येणं ही आमच्या कामातली सगळ्यांत मोठी चूक असते. तो न आल्याचं विद्यार्थ्याला कळतं ते केंद्राच्या दारात उभं असताना. आदल्या संध्याकाळच्या एका फोनमुळे हे जवळजवळ टळतं. आत्तापर्यंत हे काम मी करते आहे, आणि माझे डोळे आता मोतीबिंदूच्या रांगेत आहेत.

कामात कोण टिकत नाही तेही सांगायला हवं. पुष्कळ उत्साहाने येऊन ‘मला मुलांना शिकवायचंय’ म्हणणारे बहुधा दुसऱ्या महिन्यात येईनासे होतात. या मुलांना शिक्षक आहेत, त्यांना लेखनिक आणि वाचक नाहीत. मुलांची कीव करणारेही टिकत नाहीत, कारण मुलं त्यांना टिकू देत नाहीत. जे टिकतात ते ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळी येतात आणि येता येणार नसेल तर दोन दिवस आधी कळवतात. आम्हाला आठवड्याचे दहा तास देणारा माणूस नको आहे. दोन देणारा, पण जून ते एप्रिल देणारा हवा आहे.

नाव नोंदवायची पद्धत साधी आहे. या मासिकाच्या कार्यालयाच्या पत्त्यावर पत्र पाठवा, संपादकांनी ती आमच्यापर्यंत पोहोचवायचं मान्य केलं आहे. पत्रात पाच गोष्टी हव्यात : तुमचं नाव, राहण्याचा भाग, शेवटची उत्तीर्ण केलेली परीक्षा, तुम्ही कोणत्या भाषा हाताने सहज लिहिता, आणि आठवड्यातले कोणते वार मोकळे आहेत. पत्र हातानेच लिहा. त्यावरूनच आम्हाला अक्षर दिसतं. तपासणीचं काम हवं असेल तर टाइप केलेलं चालेल. पैसे पाठवू नका, नोंदणीला शुल्क नाही, आणि परीक्षेच्या दिवसाचं बसभाडं संस्था देते.

पत्र आल्यावर आम्ही तुम्हाला एका शनिवारी चार वाजता बोलावतो. लेखनिक व्हायचं असेल तर वीस मिनिटांची श्रुतलेखनाची परीक्षा होते, आणि ती घेतो एखादा दृष्टिहीन विद्यार्थी. तो सांगतो, तुम्ही लिहिता, मग तो तुम्हाला वाचायला लावतो, आणि वाटेत काय गाळलंत, काय सुधारलंत, कुठे थांबलात, ते सांगतो. त्याचं मत शेवटचं. त्यानंतर जुन्या प्रश्नपत्रिकांवर तीन सराव, मग महाविद्यालयाची एखादी अंतर्गत चाचणी, आणि नंतर विद्यापीठाचा पेपर. ऑक्टोबरच्या परीक्षांना पोहोचायचं तर हे सगळं जुलैत सुरू व्हायला हवं. पुण्याबाहेरच्या वाचकांना लेखनिक म्हणून आम्ही घेऊ शकत नाही, पण वाचन आणि तपासणी कुठूनही होते. लेखनिकाची गरज तुमच्या गावातही असणार. जवळच्या महाविद्यालयात किंवा अंधशाळेत जाऊन, यंदा कुणाला लेखनिक हवा आहे का, एवढं विचारा.

आमच्याकडच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘लेखनिक’, ‘वाचक’ किंवा ‘तपासनीस’ असं लिहा. आणि शिक्षण खरं तेवढंच लिहा. बारावी असेल तर बारावी लिहा, सगळ्यांत आधी आम्ही तीच पाकिटं उघडणार आहोत.